भरीव अर्धगोल: चकतीची जाडी R dθ का घ्यायची नाही?

सांजवेळ
मुलगा अकरावीत आहे. काल रात्री मी ओटा पुसत होते, तेवढ्यात वही घेऊन आला आणि म्हणाला, "आई, माझं काहीच चुकलेलं नाही आणि उत्तर मात्र चुकतंय." तेव्हापासून डोक्यात हेच आहे, म्हणून धागा काढला.

गणित साधं आहे. भरीव अर्धगोल, त्रिज्या R, सगळीकडे सारखी घनता. सपाट बाजूपासून वस्तुमान केंद्र किती उंचीवर? 3R/8 हे उत्तर त्याला पाठ आहे, पण त्याला ते स्वतः काढायचं होतं. त्याने सपाट बाजूला समांतर अशा पातळ चकत्या केल्या. मध्यबिंदूपासून चकतीच्या कडेपर्यंत रेघ ओढली आणि ती सपाट बाजूशी θ कोन करते असं धरलं. म्हणजे चकतीची उंची R sinθ आणि त्रिज्या R cosθ. इथपर्यंत मलाही पटलं. पुढे त्याने जाडी घेतली R dθ, कारण कोन dθ ने वाढला की कड वर्तुळावरून तेवढीच पुढे सरकते.

संकलन करून अर्धगोलाच्या वस्तुमानाने भागलं तर आलं R/2. मी म्हटलं, वस्तुमानही तुझ्याच चकत्यांवरून काढ. मग आलं 4R/3π. आणि ही दोन्ही उत्तरं त्याच्या सरावाच्या कागदावर पर्याय म्हणून छापलेली आहेत! त्यामुळे बरोबर आलं असंच त्याला वाटतं.

जाडी dz घेतली की 3R/8 येतं, हे मी त्याला करून दाखवलं. तो म्हणाला, "पोकळ अर्धगोलाला सरांनी R dθ च घेतलं होतं. तिथे चालतं, मग इथे का नाही?" याचं उत्तर मला देता आलं नाही. कोणी देईल का?

निशिगंध
ताई, 4R/3π बरोबरच आहे की! माझ्या पुस्तकात अर्धवर्तुळाला हेच दिलंय. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, तो पेन्सिलीच्या टोकावर साधारण तिथेच तोलला जातो.

सांजवेळ
निशिगंध, कोनमापक चपटा आहे. इथे मधोमध कापलेला भरीव चेंडू आहे. चेंडूचं वस्तुमान सपाट बाजूकडे जास्त एकवटलेलं असतं, म्हणून केंद्र खाली यायला हवं. ०.४२४ वरून ०.३७५ वर येतं ते त्यामुळेच.

अप्पा_कोथरूड
एवढं संकलन कशाला? वस्तुमान केंद्र म्हणजे ज्याच्या वर निम्मं वस्तुमान आणि खाली निम्मं. अर्धगोल कुठल्या उंचीवर कापला की दोन सारखे भाग होतात तेवढं काढा, काम झालं. आमच्या वेळी असंच शिकवत.

टॉर्क
सांजवेळताई, तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न उत्तम आहे. चाळीस वर्षं शिकवताना ही चूक मी दर वर्षी पाहिली, पण "तिथे चालतं मग इथे का नाही" असं थेट विचारणारी मुलं फार थोडी भेटली.

त्याला आधी एक गोष्ट करायला सांगा. आपल्या सगळ्या चकत्यांची जाडी बेरीज करून बघ म्हणावं. चकत्या एकावर एक रचल्या की अर्धगोल तयार व्हायला हवा, म्हणजे रचलेल्या थराची उंची R भरली पाहिजे. जाडी R dθ धरली तर θ शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत जाताना बेरीज होते πR/2, म्हणजे R च्या दीडपटीहून जास्त. ८ सेंमी त्रिज्येच्या अर्धगोलात त्याने साडेबारा सेंमी उंचीच्या चकत्या कोंबल्या आहेत. त्या मावणारच नाहीत.

कांदा कापताना आपण चकतीची जाडी कशी मोजतो? सुरीच्या दोन कापांमधलं सरळ अंतर. कांद्याच्या सालीवरून तिरकं मोजत नाही. साल तिरकी आहे, त्यामुळे तिच्यावरचं अंतर नेहमी जास्त भरतं. शेंड्याकडे तर साल जवळपास आडवीच होते, तिथे सालीवरून बरंच सरकलं तरी उंची जेमतेम वाढते. R dθ ही सालीवरची लांबी आहे. चकतीची खरी जाडी तिची उभी सावली, म्हणजे R cosθ dθ. z = R sinθ आहे, त्याचा dz काढला की हेच येतं. एक cosθ त्याच्या हातून निसटला, एवढंच.

तो घातला की कोनातूनही 3R/8 च येईल. करून बघायला सांगा.

सांजवेळ
सर, चकत्यांच्या उंचीची बेरीज त्याला लगेच पटली. कोनातूनही 3R/8 आलं. पण त्याचा दुसरा प्रश्न तसाच आहे. चकतीची कड खरं तर तिरकी असते, आपण ती उभी धरतो, म्हणजे कडेला थोडं चुकतंच. तेवढी चूक माफ आहे, तर मग पोकळ अर्धगोलाच्या पट्टीला तीच चूक माफ का नाही?

टॉर्क
हा खरा गाभा आहे. दोन्हीकडे वस्तुमान कुठे आहे ते बघा.

भरीव चकतीचं वस्तुमान तिच्या पोटात आहे. कड उभी धरल्यामुळे जे कमीजास्त होतं ते कडेभोवतीचं एक बारीक तिकोनी कडं. त्याची उंची dz आणि रुंदी dr, दोन्ही बारीक. चकत्या निम्म्या पातळ केल्या की प्रत्येक कडं चौथाई होतं, चकत्यांची संख्या मात्र फक्त दुप्पट होते. म्हणजे एकूण चूक निम्मी. पातळ करत जा, चूक संपते.

पोकळ अर्धगोलात पोट नाहीच, सगळं वस्तुमान सालीत आहे. साठ अंशांवरच्या पट्टीची तिरकी रुंदी आणि उभी उंची यांचं प्रमाण २:१ असतं. पट्टी कितीही अरुंद करा, ते २:१ च राहतं. उभी धरली तर त्या पट्टीचं निम्मं वस्तुमान हरवलं, आणि ते कधीच परत येत नाही. म्हणून सालीसाठी R dθ आणि पोटासाठी dz.

तिठा
टॉर्क सर, मला एक शंका आहे. तुम्हीच म्हणालात की शेंड्याकडे साल आडवी होते. मग तिथे dz छोटा असला तरी dr छोटा कुठे राहतो? अगदी वरच्या चकतीत कड उभी धरणं म्हणजे टोपीच्या जागी डबा ठेवणं. तिथे तुमचा "दोन्ही बारीक" हा मुद्दा टिकत नाही.

टॉर्क
बरोबर पकडलंत. शेंड्याला तो मुद्दा जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे वाचवणारी गोष्ट वेगळी आहे, ती चकतीच मुळात लहान असते. आकडेच घालून बघूया.

R = ८ सेंमी घ्या आणि २ सेंमी जाडीच्या फक्त चार चकत्या करा. त्यांच्या मध्यांच्या उंच्या १, ३, ५, ७. त्रिज्येचा वर्ग ६४ उणे उंचीचा वर्ग, म्हणजे ६३, ५५, ३९, १५. जाडी सगळ्यांची सारखी, म्हणून हेच आकडे वजनासारखे वापरा.

```
63 + 55 + 39 + 15 = 172
1×63 + 3×55 + 5×39 + 7×15 = 528
528 / 172 = 3.07
```

खरं उत्तर ३ सेंमी. चार जाडजूड चकत्यांत आपण पाऊण मिलिमीटरच्या आत आलो.

आता तुमची टोपी. वरच्या २ सेंमीचं खरं आकारमान 29.33π घनसेंमी, डब्याचं 30π. फरक दोन-सव्वादोन टक्के. गंमत म्हणजे चारही चकत्यांत फरक अगदी तेवढाच आहे, प्रत्येकी 0.67π. शेंड्याची चकती सगळ्यात वाईट दिसते खरी, पण मध्यावरची त्रिज्या घेतली तर ती तळच्या चकतीपेक्षा कणभरही जास्त चुकत नाही, कारण त्रिज्येचा वर्ग उंचीबरोबर साध्या वर्गाच्या नियमाने बदलतो.

तिठा
हे माहीत नव्हतं. आठ चकत्या करून पाहिल्या, ३.०२ आलं. मानलं.

टॉर्क
अप्पा, तुमच्याकडे दुर्लक्ष केलं असं समजू नका. निम्मं वर आणि निम्मं खाली ही पातळी ८ सेंमीच्या अर्धगोलात २.७८ सेंमीवर येते, ३ वर नाही. पातळी जवळ आहे, पण तीच नाही. तिथे कापलं तर दोन भाग वजनाला सारखे भरतील, पण खालचा भाग चपटा आणि वरचा उंच. वरच्या भागाचं वस्तुमान कापापासून जास्त लांब पसरलंय, त्याची तरफ मोठी. तोल सांभाळायला केंद्र वर सरकावं लागतं. तुमचा नियम जिथे वरखाली सममिती असते तिथे चालतो, पूर्ण गोल किंवा विटेसारखा.

अप्पा_कोथरूड
सीसॉवर लहान मूल टोकाला बसून बापाला उचलतं, तसं. आलं लक्षात. साठ वर्षं चुकीचं धरून बसलो होतो, आज सुटलं.

भिंगरी
मी इथे नेहमी नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. आम्ही सावंतवाडीकडे लाकडी खेळणी करतो. पाडली की परत उठून उभी राहते तशी बाहुली करायला घेतली आहे. खाली अर्धा चेंडू, त्रिज्या ४ सेंमी. त्यावर तेवढ्याच व्यासाचा लाकडी दंडगोल, ते तिचं अंग. लाकूड एकाच जातीचं. भाच्याने मोबाइलवर बघून सांगितलं की अर्धगोलाचं केंद्र R/2 वर असतं, आणि त्यावरून हिशेब केला की अंग सव्वातीन सेंमीपर्यंत चालेल. मी जपून ३ सेंमीच ठेवलं. तरी बाहुली आडवी पडते ती पडूनच राहते. चेंडू तर कातावरून छान गोल उतरलाय. हिशेबात काय चुकलं?

दर्यावर्दी
भिंगरीताई, भाच्याने पोकळ वाटीचा आकडा भरीव चेंडूला लावला. तुमचा चेंडू भरीव आहे, म्हणून 3R/8 घ्यायला हवं.

मी जहाजावर काम केलंय, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा आहे. गोल बुडाची वस्तू कितीही कलली तरी टेबलाचा आधार नेहमी चेंडूच्या मध्यबिंदूच्या बरोबर खाली असतो. सगळ्या बाहुलीचं केंद्र त्या मध्यबिंदूच्या खाली असेल तर ती उठते, वर असेल तर लोळते. तुमच्या बाहुलीत मध्यबिंदू म्हणजे जिथे अंग चेंडूला चिकटवलंय त्या सांध्याचा मध्य. म्हणजे अर्धगोलाची खाली ओढ आणि अंगाची वर ओढ यांची तुलना करायची. अर्धगोलाची ओढ:

```
(2πR³/3) × (3R/8) = πR⁴/4
```

अंगाची ओढ πR²h × h/2. दोन्ही सारखी होतात तेव्हा h = R/√2. R चार असताना ही हद्द २.८३ सेंमी. R/2 घातलं तर हद्द ३.२७ निघते, तीच भाच्याला मिळाली. तुमचं ३ सेंमीचं अंग बरोबर या दोघांच्या मधे अडकलंय.

निशिगंध
म्हणजे चुकीचं सूत्र टेबलावर आडवं पडलेलं दिसतं! हे फार आवडलं.

सांजवेळ
मुलगा हे माझ्या खांद्यावरून वाचतोय आणि कधी नव्हे ते जेवायला बोलावलं तरी हलत नाहीये.

टॉर्क
भिंगरीताई, अंग कापायच्या आधी एक सोपी चाचणी करा, चेंडूचं लाकूड सगळीकडे सारखं आहे का ते कळेल. अंग काढून नुसता अर्धा चेंडू घ्या. सपाट बाजूच्या काठाला एक बारीक खिळा मारून त्यावर मोकळा टांगा. त्याच खिळ्याला ओळंबा लावा. बाजूने बघितलं की ओळंब्याचा दोरा वक्र कडेला खाली जिथे ओलांडतो तिथे खूण करा. आता काठाच्या समोरच्या टोकापासून त्या खुणेपर्यंत चेंडूच्या पाठीवरून शिंप्याच्या टेपने मोजा. दोरा केंद्रातूनच जातो, त्यामुळे 3R/8 असेल तर तुमच्या चेंडूवर हे अंतर २.८७ सेंमी यायला हवं. R/2 असतं तर ३.७१ आलं असतं. फरक पाऊण सेंमीहून जास्त आहे, डोळ्यांनाही दिसेल.

मग खिळा काढून समोरच्या काठाला मारा आणि परत मोजा. दोन्ही वेळा तेच आलं तर लाकूड सारखं आहे.

रानवाटा
जरा विषयांतर. हे उत्तर आर्किमिडीजलाही माहीत होतं. त्याने ते असं मांडलंय की केंद्र अक्षाचे दोन भाग करतं, वक्र बाजूकडचा भाग आणि उरलेला भाग यांचं प्रमाण ५:३. म्हणजे आपलं 5R/8 आणि 3R/8. आणि त्याचीही पद्धत कापांचीच होती, काल्पनिक तरफेच्या दांडीवर एकेक काप तोलायचा. ज्या चर्मपत्रावर हे होतं ते पुसून त्यावर नंतर प्रार्थना लिहिल्या होत्या. १९०६ मध्ये हायबर्गने कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्या प्रार्थनांच्या खालची अक्षरं वाचली तेव्हा हे पुन्हा हाती लागलं.

तिठा
चकत्यांशिवायही येतं. अर्धगोल मध्यबिंदूपासून सालीपर्यंत जाणाऱ्या असंख्य निमुळत्या शंकूंचा बनलाय असं समजा. प्रत्येक शंकूचं केंद्र टोकापासून पाऊण लांबीवर. म्हणजे सगळं वस्तुमान 3R/4 त्रिज्येच्या पोकळ अर्धगोलावर आलं, आणि पोकळचं केंद्र निम्म्यावर. पाऊणचं निम्मं 3/8. मला हीच वाट सगळ्यात सुंदर वाटते.

टॉर्क
सुंदर आहेच. फक्त तिच्यात पोकळ अर्धगोलाचं R/2 आधीच माहीत असावं लागतं, आणि ते काढताना R dθ ची तिरकी पट्टी लागते. चकत्यांना उसनं काही लागत नाही.

सांजवेळ
मुलाने एक शोध लावलाय, त्याच्याच शब्दांत देते. "माझ्या चुकीच्या चकतीत त्रिज्येचा वर्ग म्हणून cos²θ होतं आणि जाडीत cosθ नव्हता. चपट्या अर्धवर्तुळाच्या पट्ट्या केल्या तर लांबीत एक cosθ आणि खऱ्या जाडीत एक cosθ, म्हणजे तिथेही cos²θ. मी भरीव गोल समजून अर्धवर्तुळाचंच संकलन करत होतो." म्हणून 4R/3π आलं, योगायोगाने नाही!

निशिगंध, तुमचा कोनमापक खरंच या गणितात लपलेला होता.

आता तो विचारतोय, मग R/2 पण असंच कुठून तरी आलं असेल का? वरच्या बाजूला चुकीच्या चकत्या, खाली बरोबर वस्तुमान, आणि उत्तर नेमकं पोकळ अर्धगोलाचं.

टॉर्क
त्याला माझी शाबासकी सांगा. cos²θ चं हे नातं मी कधी पाहिलं नव्हतं. R/2 च्या बाबतीत वर एक तृतीयांश आणि खाली दोन तृतीयांश येतात म्हणून निम्मं होतं, एवढंच मला दिसतं. पोकळ अर्धगोलात आकडे वेगळ्या वाटेने येतात. मला तो योगायोग वाटतो.

तिठा
मला नाही वाटत. काहीतरी असणार. रविवारी बसतो.

भिंगरी
टॉर्क सर, केलं तुम्ही सांगितलं तसं. एका काठावरून ३ सेंमी, समोरच्या काठावरून पावणेतीन. तीन-चार वेळा मोजलं, तेवढंच येतं. आणि अंग अडीच सेंमीवर आणलं. आता बाहुली पाडली की उठते! पण सरळ उभी राहत नाही, एका खांद्यावर चांगलीच कलते. कुठूनही सोडली तरी त्याच बाजूला.

टॉर्क
दोन्ही आकडे २.८७ च्या दोन बाजूंना आले, म्हणजे उंचीचं 3R/8 ठीक आहे. पण केंद्र अक्षावर नाही. ते पहिल्या खिळ्याच्या बाजूला सुमारे दोन मिलिमीटर सरकलंय. त्या बाजूचं लाकूड जड आहे, बहुधा गाभ्याकडचं. आपल्या चकत्यांनी "घनता सारखी" असं धरलं होतं, लाकडाने ते धरलेलं नाही.

आणि कल इतका का, तर तुमचं अंग हद्दीच्या फार जवळ आहे. अडीच सेंमीला बाहुलीचं केंद्र सांध्याच्या जेमतेम पावणेदोन मिलिमीटर खाली येतं. अंगाचं वजन मिळून बाजूचं सरकणं मिलिमीटरभर उरतं. खाली पावणेदोन असताना बाजूला एक म्हणजे जवळजवळ तीस अंशांचा कल.

अंग आणखी लहान करा, किंवा बुडाला मधोमध भोक पाडून एक लोखंडी बोल्ट बसवा. शिसं घालू नका, मुलांच्या तोंडात जाईल.

भिंगरी
कललेलीच बरी दिसते असं आमच्या सासूबाई म्हणतात. पण ऑर्डर सरळ बाहुलीची आहे. उद्या बोल्ट बसवते. तो बसवल्यावर अंग किती उंच चालेल? सूत्रात तो कुठे धरायचा, चकत्यांच्या आधी की नंतर?

दर्यावर्दी
ताई, बोल्टचं वजन आणि भोकाची खोली लिहा, मी मांडून देतो. भोकातून निघालेलं लाकूड वजा करायला विसरायचं नाही.